पूर्ण पान भरलं म्हणजे ग्राफ बरोबर आला असं नाही

प्रॅक्टिकलची परीक्षा जवळ आली की हा मेसेज फिरू लागतो:

“ग्राफचे मार्क जाऊ नयेत म्हणून चार गोष्टी लक्षात ठेवा. १) दोन्ही अक्ष शून्यापासूनच सुरू करा. २) स्केल असं काढा की पूर्ण पान भरेल. ३) सगळे पॉइंट जोडा, एकही सुटता कामा नये. ४) स्लोपसाठी टेबलमधली कोणतीही दोन रीडिंग घ्या, किंवा सरळ कोनमापकाने कोन मोजून टॅन काढा.”

चारही मुद्दे एकाच प्रयोगावर तपासून पाहू. साध्या लंबकाचा प्रयोग घेऊ: आडव्या अक्षावर लंबकाची लांबी L, उभ्यावर आवर्तकालाचा वर्ग T². सूत्र T² = 4π²L/g, म्हणून रेषा सरळ येते आणि तिच्या स्लोपवरून g मिळतो. समजा रीडिंग अशी आली: लांबी ०.६०, ०.७०, ०.८०, ०.९०, १.००, १.१० मीटर आणि T² अनुक्रमे २.४०, २.८४, ३.२१, ३.६५, ४.०२, ४.४४ सेकंद वर्ग. ग्राफपेपर आडवा १८ आणि उभा २४ सेंमी आहे असं धरू.

पहिला मुद्दा. आडवा अक्ष शून्यापासून घेतला, तर १ सेंमी = ०.१ मीटर हे स्केल सोयीचं पडतं. मग सहाही पॉइंट ६ ते ११ सेंमीच्या पट्ट्यात गोळा होतात आणि डावीकडचा बराचसा कागद कोरा राहतो. उभ्या अक्षावर शून्यापासून सुरुवात केली तर १ सेंमी = ०.२ घ्यावं लागतं, म्हणजे सर्वांत लहान घर ०.०२ चं. ३.६५ हे रीडिंग दोन बारीक रेघांच्या मध्ये कुठेतरी अंदाजाने टाकायचं.

आता आडवा अक्ष ०.५० पासून १ सेंमी = ०.०५ मीटर आणि उभा अक्ष २.२० पासून १ सेंमी = ०.१ असा घ्या. लहान घर बरोबर ०.०१ चं होतं, म्हणजे टेबलमधलं प्रत्येक रीडिंग थेट रेघेवर बसतं. पॉइंट आडवे १० सेंमी आणि उभे २० सेंमीहून थोडे जास्त पसरतात. स्लोप बदलत नाही, कारण तो फरकांवर अवलंबून असतो, सुरुवात कुठून केली यावर नाही.

मेसेज लिहिणाऱ्याच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. इंटरसेप्ट ग्राफवरून वाचायचा असेल, किंवा रेषा ओरिजिनमधून जाते हे दाखवायचं असेल, तर शून्य हवंच. शून्य काढून टाकल्यावर होणारी नेहमीची चूक मात्र वेगळी आहे. आपल्या ग्राफमध्ये रेषा खाली वाढवली की आडव्या अक्षाला ०.५५ च्या आसपास छेदते. ते पाहून “रेषा ओरिजिनमधून जात नाही” असं निष्कर्षात लिहिणारे आणि त्याचं कारण घर्षणात शोधणारे दरवर्षी भेटतात! तो कोपरा ओरिजिन नाहीच. इंटरसेप्ट हवा असेल तर रेषेवरचा एक पॉइंट घेऊन y − mx काढा. इथे तो जवळजवळ शून्य येतो. आणि दोन्ही अक्षांची सुरुवातीची किंमत कोपऱ्यात स्पष्ट लिहा. ती नसली तर वाचणारा शून्यच गृहीत धरतो.

दुसरा मुद्दा. पान भरायच्या नादात काय होतं, ते आडव्या अक्षावर पाहा. रीडिंगचा पसारा ०.५० मीटर, कागद १८ सेंमी. भागाकार करून कुणी १ सेंमी = ०.०३ मीटर घेतो आणि ०.६० पासून सुरू करतो. पान भरतं खरं, पण ०.७० कुठे टाकायचा? ३.३३ सेंमीवर. ०.८० चा पॉइंट ६.६७ वर. प्रत्येक पॉइंटला भागाकार आणि प्रत्येक भागाकारात चुकायची संधी. तपासणारा एखादा पॉइंट पडताळायला घेतो तेव्हा त्यालाही हेच करावं लागतं, आणि त्याचा वैताग समजण्यासारखा आहे.

स्केल १, २, ५ आणि त्यांच्या दहापटी किंवा दशांशांत घ्या. ४ चालवून घेता येतं, ३, ६, ७ टाळाच. रीडिंगनी दोन्ही दिशांना निम्म्याहून जास्त कागद व्यापला की पुरे. आपल्या स्केलमध्ये आडव्या १८ पैकी १० सेंमीच वापरले गेले, आणि ते ठीक आहे. स्केल अक्षामध्येच बदलू नका, हे सांगायची गरज पडू नये. पण मोठं रीडिंग कागदात मावेना म्हणून वरच्या टोकाला घरांची किंमत दुप्पट करणारे महाभाग आहेत.

तिसऱ्यात फार बोलण्यासारखं नाही. पॉइंट एकेक करून पट्टीने जोडले की नागमोडी रेघ तयार होते, आणि तिचा अर्थ असा की प्रत्येक रीडिंग अचूक आहे. तसं नसतं. रेषा अशी काढा की काही पॉइंट वर राहतील, काही खाली. इथे ०.७० आणि ०.९० चे पॉइंट रेषेच्या दोन मिलिमीटर वर राहतात, ०.६०, ०.८० आणि १.०० चे थोडे खाली. हे निरोगी लक्षण आहे. एकच पॉइंट भलताच लांब पडला तर मात्र थांबा. सोडताना “शून्य”ऐवजी “एक” म्हणून वीस आंदोलनं मोजली, तर प्रत्यक्षात एकोणीसच होतात. ०.९० ला T² रेषेवरच्या ३.६३ च्या जागी ३.२८ येतो आणि पॉइंट रेषेच्या साडेतीन सेंमी खाली दिसतो. रेषा तिकडे वाकवू नका, ते रीडिंग पुन्हा घ्या.

चौथा मुद्दा सर्वांत महागात पडतो. टेबलमधली ०.८० आणि ०.९० ची रीडिंग घेतली तर स्लोप ४.४ आणि g जवळजवळ ९.०. शेजारची ०.९० आणि १.०० घेतली तर स्लोप ३.७ आणि g १०.७. मग रेषा काढलीच कशाला? रेषेवरचे, एकमेकांपासून लांबचे दोन पॉइंट घ्या, शक्यतो जे रीडिंग नाहीत असे. इथे (०.५७५, २.३१) आणि (१.१२५, ४.५४) घेतले की २.२३ भागिले ०.५५, म्हणजे ४.०५ सेकंद वर्ग प्रति मीटर. g आला ९.७५. त्रिकोण ग्राफवर काढून दाखवा, एकक लिहा.

कोनमापकाचं तर विचारूच नका. हाच त्रिकोण पट्टीने मोजला तर उभा २२.३ सेंमी, आडवा ११ सेंमी, कोन सुमारे ६४ अंश आणि टॅन २.०३. खऱ्या स्लोपच्या निम्मा! कोन स्केलवर ठरतो. स्केल बदललं की कोन बदलतो, लंबक तोच असतो. दोन्ही अक्षांवर एका सेंमीला सारखीच संख्या असेल तेव्हाच टॅन आणि स्लोप आकड्याने जुळतात, आणि प्रॅक्टिकलमध्ये तसं क्वचितच असतं.

एक गोष्ट मेसेजमध्ये राहूनच गेली आहे, अक्ष उलटे होण्याची. T² उभ्यावर असेल तर g म्हणजे 4π² भागिले स्लोप. L उभ्यावर घेतली तर 4π² गुणिले स्लोप. एका पुस्तकातलं सूत्र आणि दुसऱ्या पद्धतीचा ग्राफ एकत्र आले की g १६० च्या घरात जातो. असं उत्तर दिसलं की आकडेमोड पुन्हा करत बसण्याआधी अक्षांवरची नावं वाचा.