सासऱ्यांचा रोग, जावयाचा फोन

सासरे आठ दिवस आमच्याकडे राहून गेले. जाताना भरताची वांगी दिली आणि मागे माझ्या यूट्यूबमध्ये मूळव्याध ठेवून गेले. हॉलमधल्या टीव्हीवर माझंच खातं आहे, त्यामुळे तिथे त्यांनी बघितलेलं सगळं माझ्या फोनवर उगवायला लागलं.

अमळनेर-जळगाव एसटीत फोन उघडला, तर पहिलाच चेहरा एका वैद्यांचा. शेजारचे टोपीवाले बाबा वाकून म्हणाले, "तुले बी मूळव्याध शे का?"

"नाही हो, सासऱ्यांना."

"सगळा असंच म्हनतस, भाऊ." आणि मग धरणगाव येईपर्यंत सुरण, ताक, गरम पाण्यात बसणं, हे सगळं एवढ्या मोठ्याने की कंडक्टरने तिकीट देताना माझ्या सीटकडे निरखून पाहिलं. पुढच्या बाकावरच्या बाईंनी तर सरकून जागा केली. मी नीट बसू शकावं म्हणून!

घरी येऊन हिस्ट्री पुसायला बसलो. यूट्यूबच्या अ‍ॅपमध्ये You, तिथे History, वर कोपऱ्यात तीन ठिपके, त्यात Clear all watch history. दाबलं. माझी पाच वर्षांची कीर्तनं, क्रिकेट, सगळं गेलं. परत आणायची सोय नाही. खरं तर एकेका व्हिडिओशेजारचे ठिपके दाबून तेवढेच काढता येतात, पण रागात कोण मोजत बसतं?

तरीही वैद्य हजर! कारण शोधलेले शब्द वेगळ्या कप्प्यात असतात, त्यांना Clear all search history वेगळं दाबावं लागतं. तेही दाबलं. तिसऱ्या दिवशी वैद्य पुन्हा हसत समोर. तेव्हा कळलं, सासऱ्यांनी टीव्हीवरच्या रिमोटने चॅनेल सबस्क्राइब केलं होतं, शिवाय चार व्हिडिओंना अंगठाही दाखवला होता. हिस्ट्री पुसली तरी सबस्क्रिप्शन आणि अंगठे जागच्या जागीच राहतात. ते हाताने काढले, उरल्यासुरल्या व्हिडिओंवर Don't recommend channel दाबलं.

वर शहाणपणा म्हणून हिस्ट्री बंदच करून टाकली. तर होम पान कोरं! २०२३पासून असंच आहे म्हणे: हिस्ट्री बंद आणि मागचं काही नाही, तर शिफारशीच नाहीत. म्हणजे एकतर मूळव्याध, नाहीतर वैराग्य. शेवटी चालू केली, आणि टीव्हीवर सासऱ्यांच्या नावाचं वेगळं खातं टाकलं. बायको म्हणाली, "एवढ्यासाठी माझ्या बाबांना वेगळं काढलंत?" यावर उत्तर नाही. असलं तरी द्यायचं नसतं.

परवा स्टँडवर तेच बाबा भेटले. लांबूनच ओरडले, "भाऊ, आते कसं शे?"

आजूबाजूला दहा माणसं. म्हटलं, "आता बरं आहे."