शब्द मोजले, काम मोजलंच नाही

“कंटेंट रायटरने पर वर्डच पैसे घ्यावेत. हिशोब पारदर्शक राहतो. रिसर्च आणि रिव्हिजन त्या दरातच आलं. पर आर्टिकल म्हटलं की क्लायंट नाडला जातो.” असं म्हटलं जातं. ते आकड्यांवर तपासून पाहू.

दीड रुपया शब्द धरू. हजार शब्दांचे दोन लेख, दोन्हींचे 1,500 रुपये. पहिला पावसाळ्यात केसांची निगा कशी राखावी यावर. तो 3 तासांत हातावेगळा होतो, म्हणजे तासाला 500 सुटले.

दुसरा छतावरच्या सोलरच्या अनुदानावर. पीएम सूर्यघर योजनेत घराला 1 किलोवॉटला 30,000, दोनला 60,000 आणि तीन किंवा त्याहून जास्त कितीही असले तरी 78,000 रुपये मिळतात. हे वाक्य टाइप करायला मिनिट लागतं. पण 5 किलोवॉटवाल्यालाही 78,000च, आणि सोसायटीच्या सामायिक वापरासाठी वेगळं गणित, हे मूळ कागदांतून ताडून घ्यायलाच वेळ जातो. वाचन 4 तास, लेखन अडीच, दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या मिळून दीड. एकूण 8 तास, तासाला जेमतेम 187. मग रिसर्च “दरात आलं” ते नेमकं कुठल्या दरात? दर तर विषय कळायच्या आधीच ठरला होता.

रिव्हिजनचं त्याहून वाईट. क्लायंट म्हणतो, “पसरट झालंय, 800 शब्दांत बसवा.” आटोपशीर करायला तासभर जादा जातो आणि वर बिलातून 300 रुपये कमी होतात. मग रायटर पाणी घालायला शिकतो, त्यात नवल काय? माझ्याकडून आकडा चुकला तर दुरुस्ती फुकट, कितीही वेळा. पण “आता हाच लेख सोसायट्यांसाठी करून द्या” ही रिव्हिजन नाही, नवा लेख आहे.

क्लायंटच्या भीतीत मात्र तथ्य आहे. “एका लेखाचे 4,000” एवढंच सांगितलं तर दोघंही अंधारात राहतात (आणि रायटरही नाडला जातो, हजारचे अठराशे शब्द होईपर्यंत). म्हणून कोटेशनमध्ये असं लिहा: 900 ते 1,100 शब्द, 4 तासांपर्यंत रिसर्च, 2 रिव्हिजन, सगळ्या सूचना एकाच व्यक्तीकडून, एकत्र आणि 7 दिवसांत, एकूण 4,000 रुपये. तिसऱ्या फेरीपासून तासाला 500. अकराशेच्या पुढे शब्दाला 4 रुपये. हे 4,000 आले तासाला 500 गुणिले 8 तास, या हिशोबाने. क्लायंटने विचारलं तर मांडून दाखवता येतात.

पर वर्ड सरसकट मोडीत काढायचं कारण नाही. भाषांतरात मूळ मजकुराचे शब्द आधीच मोजलेले असतात. शॉपिंग साइटसाठी एकाच साच्यातली दोनशे कुर्त्यांची वर्णनं लिहायची असतील, तर तिथेही खुशाल शब्दावर बिल लावा.