ठिपका दिसतो, बघणारा दिसत नाही

«ताई, लेख एकतर्फी वाटला. मी आणि बायको तीन वर्षं एकमेकांना लाइव्ह लोकेशन देतोय, आमच्यात कधी वाद झाला नाही. लपवण्यासारखं काही नसेल तर द्यायला हरकत काय? तुम्ही काळजीलाच पाळत म्हणताय. आणि मी फक्त मागत नाही, माझंही देतो, हे लेखात कुठेच नाही.»

नमस्कार. जोडीदाराचं लोकेशन सतत बघत राहणं ही पाळतच, अशा अर्थाचा माझा लेख होता, त्यावरची तुमची ही प्रतिक्रिया वाचली. शेवटचा मुद्दा तुमचा बरोबर आहे. दोघंही देतात अशा जोड्यांबद्दल मी लिहायला हवं होतं, ते राहून गेलं. दुसरी एक गोष्टही राहिली, आणि ती मुद्दाम राहिली. ती आता लिहिते. आमच्या घरात लोकेशन मागणारी मी होते.

झालं असं की नवऱ्याला गाडीवरून पडून किरकोळ लागलं आणि मला ते दोन तासांनी कळलं. त्या रात्री मीच म्हटलं, गूगल मॅप्सवर एकमेकांना लोकेशन देऊन ठेवू. तो लगेच हो म्हणाला. मुदत विचारली गेली तेव्हा आम्ही एक तास न निवडता ‘बंद करेपर्यंत’ निवडलं, कारण रोज कोण चालू करत बसणार? तुमच्यासारखंच, दोन्हीकडून आणि राजीखुशीने.

पहिले काही आठवडे खरंच छान गेले. तो वळणावर आला की मी दार उघडायला उठायची. ‘कुठे आहेस’ हा फोन बंद झाला, गाडी चालवताना त्याला फोन उचलावा लागेना. हे फायदे मी नाकारत नाही. पण माझं बघणं वाढत गेलं आणि ते माझ्याही लक्षात आलं नाही. नकाशावरचा त्याचा ठिपका हलताना दिसला की जीव भांड्यात पडायचा, दहा मिनिटांनी पुन्हा बघावंसं वाटायचं. काळजी एकदा बघून संपत नव्हती. उलट प्रत्येक वेळी बघितल्यावर मिळणारा तो सुस्कारा पुढच्या वेळेला बोलावत होता. ज्यांना कुलूप लावलंय का ते पुन्हा पुन्हा तपासायची सवय असते त्यांना हे लगेच कळेल. तपासलं की बरं वाटतं, आणि म्हणूनच तपासणं सुटत नाही.

आता एका संध्याकाळचं सांगते. तो ७ वाजून १० मिनिटांनी ऑफिसातून निघाला. साडेसातच्या सुमाराला ठिपका एका उड्डाणपुलाच्या वळणावर थांबला. पाच मिनिटं, दहा मिनिटं, हलेचना. खाली लिहिलं होतं, २५ मिनिटांपूर्वी अपडेट. मी सात फोन केले. एकही लागला नाही. माझ्या डोक्यात तोपर्यंत अपघात, पोलीस, हॉस्पिटल सगळं होऊन गेलं होतं. ८ वाजून २० मिनिटांनी तो दारात उभा. फोनची बॅटरी संपत आल्यामुळे बॅटरी सेव्हर लागला होता, लोकेशन जाणं थांबलं होतं, मग फोनच बंद पडला. तो पुलावरून केव्हाच उतरला होता आणि खाली ट्रॅफिकमध्ये अडकला होता.

हे होणारच असतं. ठिपका म्हणजे फोनने शेवटची कळवलेली जागा, माणूस नव्हे. मोकळ्या आभाळाखाली तो बऱ्यापैकी नेमका असतो. इमारतीत, तळघरातल्या पार्किंगमध्ये उपग्रहाचा सिग्नल पोचत नाही, मग फोन आसपासचे वायफाय आणि मोबाइल टॉवर बघून अंदाज करतो, आणि माणूस जागचा हललेला नसताना ठिपका पलीकडच्या गल्लीत जाऊन बसतो. ठिपक्याभोवती फिकट निळं वर्तुळ दिसतं ना, त्याचा अर्थ ‘या वर्तुळात कुठेतरी’ असा असतो. पण काळजीने बघणारा माणूस वर्तुळ बघत नाही, ठिपकाच बघतो. आणि शंकेने बघणारा तर त्या ठिपक्याखालची इमारत बघतो.

पण मला त्या संध्याकाळचं आठवतं ते वेगळंच. दार उघडल्यावर मी एक शब्द बोलायच्या आधी त्याने बंद पडलेला फोन माझ्यापुढे धरला. ‘बघ, खरंच बंद पडलाय.’ पुरावा दाखवावा तसा. मॅप्सवर जागेसोबत बॅटरीही दिसते, हे त्याला ठाऊक होतं. मी ती बघते, हेही. मी कधी त्याच्यावर आवाज चढवला नव्हता, कधी जाब विचारला नव्हता. तरी माझा नवरा स्वतःच्या घरात शिरताना हातात पुरावा घेऊन शिरत होता.

त्यानंतर काही महिन्यांनी सहज विषय निघाला. वाटेत त्याचा एक जुना मित्र राहतो, आधी हा आठवड्यातून एकदा तिथे दहा मिनिटं टेकायचा. मी विचारलं, हल्ली जात नाहीस? तो म्हणाला, ‘थांबलो की सांगावं लागतं, म्हणून थांबतच नाही.’ चिडून नव्हे हो, हवामान सांगावं तसं सांगितलं. तेव्हा मी आठवून बघितलं. तो तिथे थांबला की घरी आल्यावर मी म्हणायची, ‘आज त्याच्याकडे गेला होतास वाटतं?’ एवढंच. हसून. त्या एवढ्याशा वाक्याने त्याची वाट बदलली होती.

म्हणून तुमच्या मनात फक्त काळजी आहे, हे तुमचं म्हणणं मी खोटं धरत नाही. माझ्याही मनात तेवढीच होती. प्रश्न तुमच्या हेतूचा नाहीच.

आता दोन्हीकडून देण्याबद्दल. सेटिंगमध्ये दोघं समान असतात, बघण्यात नसतात. आमच्याकडे माझं लोकेशन नवऱ्याने सगळं मिळून चार-पाच वेळा बघितलं असेल, मी त्याचं दिवसातून वीस वेळा. आणि गंमत अशी की हे त्याला कळायला मार्गच नव्हता. मॅप्स असो, व्हॉट्सअ‍ॅप असो की आयफोनमधलं फाइंड माय, तुम्ही कुणाला लोकेशन देताय हे ते दाखवतात. त्या माणसाने आज ते किती वेळा उघडून बघितलं, हे दाखवत नाहीत. बघितल्याची खूण फक्त बोलण्यात उमटते. ‘आज उशिरा निघालीस?’, ‘तिकडून कशाला आलास?’, ‘बँकेत एवढा वेळ?’ असे प्रश्न आठवड्यात किती येतात आणि कुणाकडून येतात, यावरून घरात कोण बघतंय ते समजतं. तुमच्याकडे वाद झाला नाही म्हणता, पण वाद होण्यासाठी समोरच्याने आधी वेगळ्या वाटेने जावं लागतं. माझ्या नवऱ्याने वाटच सोडून दिली, मग वाद कुठून होणार?

लपवण्याबद्दल मला तुमच्याशी थोडं भांडायचंय. माणूस न सांगता जिथे जातो त्या जागा बहुतेक अगदी साध्या असतात. तपासणीचा रिपोर्ट हातात येईपर्यंत घरी सांगायचं नाही म्हणून एकट्याने गाठलेली लॅब. ज्या भावाशी घरात कुणी बोलत नाही त्याचं घर. किंवा कुठेच नाही, दिवस वाईट गेला म्हणून घराच्या अलीकडे पंधरा मिनिटं गाडीत नुसतं बसून राहणं. यात लपवाछपवी नाही, फक्त ते कधी सांगायचं हे ज्याचं त्याला ठरवायचंय. ठिपका ते आधीच सांगून टाकतो, आणि तेही अर्धवट.

आम्ही पुढे काय केलं ते सांगते, उपाय म्हणून नव्हे. कायमचं शेअरिंग काढलं. आता रात्रीचा किंवा लांबचा प्रवास असेल तर जाणारा स्वतः व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. तिथे १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास एवढेच पर्याय आहेत, मुदत संपली की ते आपोआप थांबतं. बाकी दिवशी ‘निघालो’ आणि ‘पोचलो’. पहिले तीन आठवडे माझे वाईट गेले, खोटं कशाला बोलू. अंगठा आपोआप मॅप्सकडे जायचा आणि यादीत त्याचं नाव नसायचं. मग हळूहळू तेही गेलं. मित्राकडे थांबणं पुन्हा सुरू झालं, हे मला त्याने सांगितलं म्हणून कळलं.

एक गोष्ट मात्र तुम्हाला नाही, हे वाचणाऱ्या इतरांना. लोकेशन बंद केलं तर घरात काय होईल या विचाराने ज्यांच्या पोटात गोळा येतो, त्यांनी माझं बघून एकदम बंद करू नये. बंद केलेलं समोरच्याला दिसतं, आणि आरडाओरडा, धमक्या, हात उगारणं यांना तेच निमित्त होऊ शकतं. आधी विश्वासातल्या कुणाशी किंवा महिला हेल्पलाइनशी बोला, आणि तेही समोरच्याच्या हाती न लागणाऱ्या फोनवरून. शिवाय तुमच्या गूगल किंवा अ‍ॅपल खात्याचा पासवर्ड त्या माणसाकडे असेल तर शेअरिंग बंद करूनही हरवलेला फोन शोधायच्या सोयीतून तुमचा फोन नकाशावर सापडतो. आयफोनमध्ये २०२२ पासून सेफ्टी चेक नावाची सोय आहे, कोण काय बघू शकतं ते तिथे एका जागी दिसतं. आधी नुसतं बघून घ्या, काढायची घाई करू नका.

तुमच्याबद्दल मला तशी शंका नाही. पण तुमच्या प्रतिक्रियेत तीन वर्षं आहेत, तुमची काळजी आहे, तुमचं देणं आहे, बायकोचं वाक्य एकही नाही. तिला ‘तुला हरकत आहे का’ असं विचारू नका, नाही म्हणेल, माझा नवराही नाहीच म्हणाला होता. ‘मला कळेल म्हणून गेल्या महिन्यात कुठे जायचं टाळलंस का’ असं विचारा. आणि विचाराल तेव्हा फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. ती काय म्हणाली ते इथे लिहायची गरज नाही.