'कधीतरी जाऊ' म्हणणाऱ्याला तारीख विचारा

'एकदा निवांत कोकणात जाऊ' हे वाक्य बोलणाऱ्याला फुकट पडतं, ऐकणाऱ्याला पडत नाही. माझं एवढंच म्हणणं आहे. पटत नसेल त्यांनी खुशाल भांडावं.

आमच्याकडे इंदूरला हे बेत बहुतेक सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री भुट्ट्याचा कीस खाताना निघतात. नवरा रंगात आला की ऐकत राहावं असं बोलतो. मालवणला समुद्राला लागून खोली, सकाळी घावणे, दुपारी झोप, तारकर्लीला एक दिवस. मी हसून मान डोलावते. मग पुण्याहून बहिणीचा फोन येतो, 'नाताळात येतेस का गं?' आणि मी म्हणते, 'आमचं कोकणाचं चाललंय, सांगते तुला.' ऑफिसातल्या किरकोळ रजा मी डिसेंबरसाठी राखून ठेवते आणि त्या ३१ तारखेला बुडतात. बहिणीकडेही जाणं होत नाही. त्याचं काही गेलेलं नसतं, कारण त्याने काही राखूनच ठेवलेलं नसतं.

हे असं का होतं, याचा मी बराच विचार केला. लोक पटकन म्हणतात, 'स्वभाव असतो एकेकाचा.' असेलही. पण स्वभाव म्हणण्याआधी दोन कारणं तपासून बाजूला काढावी लागतात, पैसा आणि रजा.

पैशाचं कारण सगळ्यांत जास्त लपवलं जातं. आपल्या मराठी घरांत 'परवडत नाही' म्हणायची लाज, त्यामुळे माणूस 'बघू' म्हणतो. अशा माणसाला तारखेवरून टोचणं हा अन्याय आहे. त्याच्याशी आकड्यावर बोलावं. ते तपासायला मी स्वस्तातला बेत काढला, मांडू. इंदूरहून शंभरेक किलोमीटर, सकाळी पोहे खाऊन निघालं की रात्री घरी. पावसाळ्यात रूपमतीच्या मंडपात ढग अंगावरून जातात. खर्च पेट्रोलचा आणि जेवणाचा. 'या रविवारी?' विचारलं. 'पाऊस जरा जमू दे.' पाऊस जमला, रस्ते खराब झाले, मग श्रावण आला, गणपती आले, आणि ढग गेले. म्हणजे अडचण पैशाची नव्हती.

रजेचं म्हणाल, तर मित्राच्या लग्नाला जळगावला जायचं होतं तेव्हा पत्रिका छापायच्या आधी याचा अर्ज साहेबांच्या टेबलावर होता. ही खूण मला फार मोलाची वाटते. जो माणूस सगळीकडेच ढिला आहे, वीजबिलसुद्धा शेवटच्या दिवशी भरतो, त्याचं ढिलेपण तुमच्यापुरतं नसतं. पण मित्र, क्रिकेट आणि आईचं डॉक्टरकडे जाणं या सगळ्याला ज्याच्याकडे तारीख असते आणि फक्त तुमच्या बेताला नसते, तिथे 'स्वभाव' म्हणून विषय संपवता येत नाही.

आता तारीख एवढी का लागते, तेही सांगते, कारण 'तारखेवाचून काय अडलंय, आयत्या वेळी निघू' हे मला दर वर्षी ऐकवलं जातं. इंदूरहून मालवणला थेट गाडी नाही. संध्याकाळच्या अवंतिका एक्स्प्रेसने सकाळी मुंबई, दिवस तिथे घालवायचा, रात्रीची कोकणकन्या, दुसऱ्या दिवशी सकाळी कुडाळ, पुढे रिक्षा नाहीतर एसटी. रेल्वेचं आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. २५ डिसेंबरला निघायचं तर अवंतिकेचं आरक्षण २६ ऑक्टोबरला सकाळी आठला उघडणार. कोकणकन्या २६ तारखेची, म्हणून तिचं २७ ऑक्टोबरला. दोन्ही तिकिटं मिळाली तरच बेत जमतो, एक मिळून उपयोग नाही. नाताळच्या आठवड्यात कोकणच्या गाड्यांना वेटिंग लागायला किती वेळ लागतो, हे ज्याने एकदा पाहिलंय त्याला सांगायला नको. थोडक्यात, डिसेंबरचा प्रवास ऑक्टोबरच्या शेवटी ठरतो. 'डिसेंबर आला की बघू' म्हणजे तो नाही ठरला, एवढा साधा हिशोब आहे.

बरं, ठरवून मोडलं तर? हीच भीती असते ना? पुरेसं आधी रद्द केलं तर थर्ड एसीच्या पक्क्या तिकिटाला माणशी १८० रुपये आणि वर जीएसटी कापला जातो. दोघांचे चारशेच्या आसपास, दोन गाड्यांचे त्याच्या दुप्पट. एका रात्रीच्या सराफ्यापेक्षा जास्त आहेत, मान्य. पण वर्षभर डोक्यात बेत घेऊन फिरण्याच्या मानाने काहीच नाहीत.

पीटर गोलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा १९९७चा एक प्रयोग आहे, तोही नाताळचाच. विद्यार्थ्यांना सुट्टीत एक छोटा वृत्तान्त लिहून पाठवायला सांगितला. काहींकडून तो कधी आणि कुठे बसून लिहिणार हे आधी लिहून घेतलं, बाकीच्यांकडून नाही. पहिल्या गटातल्या दोनतृतीयांशाहून जास्त जणांनी तो वेळेत पाठवला, दुसऱ्यातल्या जेमतेम एकतृतीयांशाने. मला यातलं पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. नंतरच्या अभ्यासांत असं दिसलं, की 'कधी, कुठे' ठरवण्याचा फायदा ज्याला ती गोष्ट मनापासून करायची असते त्यालाच होतो. ज्याला करायचीच नाही, त्याच्या हातात कॅलेंडर देऊन इच्छा निर्माण होत नाही. म्हणून बायकोने मागे लागून तारीख काढून घेतली, तर ती तारीख बायकोचीच राहते.

तर अडचण पैशाची नाही, रजेचीही नाही. मी सरळच विचारलं, 'अरे, तुला जायचंय की नुसतं बोलायचंय?' बराच वेळ इकडचं तिकडचं करून म्हणाला, 'ठरवलं की सगळं माझ्या अंगावर येतं. खोली घाण निघाली, आईला बरं नसलं, तुला आवडलं नाही, की मीच दोषी. बोलण्यात कसं सगळं छान असतं.'

हे मला पटलं, आणि रागही आला. पटलं, कारण त्यांच्या घरी सहलीला गेलं की सासरे पहिल्या स्टेशनपासून हिशोब काढत, हे मी ऐकून आहे. राग अशासाठी, की तो ज्या दोषातून सुटतोय त्याची किंमत माझ्या रजा आणि माझी बहीण देतेय. शिवाय खोली मी शोधली असती की! ठरवण्याचं ओझं वाटून घेता येतं, पण ते आहे हे आधी कुणीतरी तोंडाने म्हणायला हवं.

लग्न न झालेल्या मुलींचं वेगळं काही नाही. 'घरी बोलतो लवकरच' हा त्यांचा मालवण. तिथेही पैसा, नोकरी, घरच्यांची तब्येत ही खरी कारणं आधी तपासा. पण त्याला एकच लहानशी गोष्ट विचारा, 'आईशी कोणत्या रविवारी बोलणार?' आणि तो रविवार आपल्या आयुष्याच्या मोठ्या निर्णयांसारखा धरू नका. एकदा हुकला तर हुकला. मात्र नवीन रविवार त्याने आपणहून सांगितला का, ते बघा. ज्याला बोलायचंय तो सांगतो.

आमच्यात सध्या असं ठरलंय, की बेताचं बोलणं आरक्षण उघडण्याच्या आदल्या रविवारपर्यंत. खोली मी बघायची, सासूबाईंजवळ कोण राहील ते त्याने, आणि काही बिघडलं तर परत येईपर्यंत कुणी कुणाला बोलायचं नाही. त्या रविवारी रात्रीपर्यंत त्याच्याकडून तारीख आली नाही, तर आरक्षण उघडेल त्या सकाळी आठला मी पुण्याचं तिकीट काढणार, एकटीचं. हे त्याला सांगून झालंय. तो म्हणाला, 'बघू.'