काकांची हिरवी चादर

परवा रात्री फॅमिली ग्रुपवर काकांचा मेसेज आला. "मुलाकडच्यांनी विचारलं, मुलगी आजारी होती का. फोटो घरच्याच फोटोग्राफरने काढला होता." खाली हात जोडलेल्या दोन इमोज्या. घरचाच फोटोग्राफर म्हणजे मी. आजारी म्हणजे माझी चुलत बहीण, जी ठणठणीत आहे, फक्त बायोडेटाच्या फोटोत जबड्याखालून मानेपर्यंत हिरवट दिसतेय. कावीळ पिवळी असते हे निदान सगळ्यांना माहिती आहे, हिरव्याला काय म्हणायचं ते मुलाकडच्यांनाही सुचलं नसावं.

आता ती चादर कोणाची होती हे मेसेजमध्ये कुठेच नाही.

झालं असं की मी काकांना म्हटलं होतं, मागे काहीतरी प्लेन लावा, बॅकग्राउंड नंतर बदलू. रविवारी गेलो तर हॉलच्या भिंतीवर कपड्यांच्या चिमट्यांनी पोपटी हिरवी डबलबेडची चादर टांगलेली, घड्या जशाच्या तशा, बहीण तिला पाठ टेकवून उभी, आणि तिच्या साडीचे काठ, देवाशप्पथ, पोपटी. म्हटलं काका, हे हिरवं नको. काका रिटायर्ड ओव्हरसियर, त्यांना 'नको' हा शब्द ठेकेदाराकडून ऐकायची सवय नाही.

"अरे, टीव्हीवाले काय वेडे आहेत का? सगळे हिरवंच लावतात."

"काका, टीव्हीवाल्यांचा स्टुडिओ केवढा असतो, पडदा माणसापासून किती लांब असतो..."

"रंगाचं बोल. लांबीचं मी विचारलं का?"

इथे मी सायन्स सांगायला गेलो, ही माझी चूक. म्हटलं, हिरवा वापरतात कारण माणसाच्या कातडीत हिरवं फार नसतं आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरवर दर चार ठिपक्यांत दोन हिरवे असतात, त्यामुळे हिरव्याची माहिती सगळ्यात स्वच्छ मिळते, आणि व्हिडिओत सेकंदाला 25 फ्रेम कोण हाताने कापणार, म्हणून मशीनला सोपा पडेल असा रंग. आपल्याला कापायचाय एक फोटो. काकांनी एवढं सगळं ऐकून त्यातलं 'हिरवा स्वच्छ मिळतो' तेवढं उचललं आणि काकूंना हाक मारून सांगितलं, "बघ, हा पण तेच म्हणतोय!"

मी हरलो. काढले फोटो. पुढच्या तीन रात्री कॉम्प्युटरसमोर बसलो. चादरीवर पडलेला उजेड हिरवा होऊन परत उलटतो आणि माणूस चादरीला चिकटून उभा असेल तर सगळा त्याच्याच अंगावर येतो. जबडा, मान, कानाची पाळी, आणि सगळ्यात जास्त गजरा, कारण पांढऱ्यावर कुठलाही रंग लगेच चढतो. तेल लावलेले केस चकचकीत, त्यांच्या कडांवरही हिरवी झिलई. हिरवं सिलेक्ट करून उडवलं तर साडीचे काठही उडाले, पायापाशी साडीत खिडकी पडली. काठ हाताने परत आणले. गळ्यावरचं हिरवं कमी केलं तर गजरा शिळा दिसायला लागला. शिवाय तिची सावली चादरीवर पडलेली, सावलीतला हिरवा वेगळा, घडीवरचा वेगळा, म्हणजे एका चादरीत पाच रंग आणि पाच वेळा सिलेक्ट करा. शेवटी कंटाळून थोडं हिरवं तसंच सोडलं. म्हटलं मोबाईलवर कोण बघतंय. बघितलं त्यांनी.

(आणि फुकट काढलेल्या फोटोला जेवढ्या करेक्शन येतात तेवढ्या पैसे देणाऱ्या गिऱ्हाईकाच्या येत नाहीत. हे माझं बरेच दिवसांचं म्हणणं आहे, घरात कोणाला पटत नाही.)

तर काल परत गेलो, आणि जाताना घरून पांढरी चादर इस्त्री करून नेली. काकांचा सोफा बेडरूममध्ये ढकलला. बहिणीला चादरीपासून सहा फूट पुढे उभी केली. काका टेप घेऊन आले, खरंच, स्टीलचा टेप, आणि म्हणाले, "पाच फूट नऊ इंच आहे." मी तिला तीन इंच पुढे सरकवलं. त्यांना बरं वाटलं.

या सहा फुटांतच अर्धं काम होतं. सावली चादरीपर्यंत न जाता जमिनीवर पडते, चादरीचा रंग अंगावर येत नाही, उरलीसुरली सुरकुतीही पुसट होते. फक्त लेन्सचं तोंड पूर्ण उघडं ठेवायचं नाही. पहिल्या खेपेला मी f/1.8 वर काढले, डोळे शार्प आणि कान, केसांच्या कडा धुरकट, आणि धुरकट कड कुठून कापायची हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. या वेळी तोंड बारीक करून f/8 ठेवलं. पंखा बंद केला, कारण सुटे केस हलले की कडेचा चिखल होतो. काकांनी तो तीनदा चालू केला.

पहिला फ्रेम बघितला तर पांढरी चादर चक्क गडद राखाडी! माझा लाइट तिच्या चेहऱ्यापासून तीन फुटांवर, चादर लाइटपासून नऊ फुटांवर. अंतर तिप्पट झालं की उजेड साधारण नववा हिस्सा उरतो. त्या राखाडीत तिचे काळे केस बुडाले, वेणी कुठे संपते ते कळेना. म्हणजे चादरीला तिचा स्वतःचा वेगळा लाइट हवा. दुसरा एलईडी पॅनल होता, स्टँड घरी विसरलो होतो.

"मी धरतो," काका म्हणाले.

"हात अवघडेल काका."

"धरणाच्या भिंतीवर रात्रभर कंदील धरून उभा राहिलोय मी."

मग काका पॅनल घेऊन बाजूला उभे, तोंड चादरीकडे. जवळ गेले तर चादर इतकी उजळायची की मागचा उजेड केसांच्या कडांवर सांडायचा आणि बारीक केस गिळून टाकायचा. लांब गेले की परत अंधार. "काका एक पाऊल मागे." "मागे म्हणजे कुठे, माझ्या मागे की तुझ्या?" असं दहा मिनिटं. शेवटी चादर फिकट राखाडी झाली, केसांहून भरपूर उजळ, पण इतकी पांढरी नाही की कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर जास्त उजेडाचा इशारा लुकलुकेल, तिथे त्यांना थांबवलं. मागे बदलून क्रीम रंगच टाकायचा होता, त्यामुळे कडेला थोडी राखाडी राहिली असती तरी त्यात मिसळली असती. बहीण मधेच म्हणाली, "दादा, माझ्याकडे पण बघ जरा, की चादरीचंच लग्न आहे?"

रात्री कापायला बसलो, वीस मिनिटांत काम संपलं. गजरा पांढरा, मान माणसाची, काठ जागेवर. क्रीम बॅकग्राउंड टाकून ग्रुपवर पाठवला, आणि मुद्दाम एक शब्दही लिहिला नाही.

सकाळी काकांचा फोन. "फोटो छान आहे रे. पण मुलाकडचे म्हणतायत, एडिट केलेला नको, ओरिजिनल पाठवा. पहिल्या वेळेला फसलो म्हणतात."

ओरिजिनल पाठवला. त्यात इस्त्री केलेली पांढरी चादर आहे, सहा चिमटे आहेत, आणि डाव्या कडेला अर्धे काका, बनियनवर, दिवा धरून.