पन्नास पॉइंट तुम्ही वाढवलेत, आकडा मात्र आमचा पडला

कालच्या आढावा बैठकीत आमच्या सॉफ्टवेअर रिलीजचा एसपीआय, म्हणजे नियोजित कामाच्या तुलनेत झालेल्या कामाचे प्रमाण, ०.७० असा लाल रंगात पडद्यावर झळकत होता आणि प्रोजेक्ट ऑफिसच्या साहेबांचा पहिलाच प्रश्न होता, "टीमचा वेग अचानक एवढा का मंदावला?" त्याच दिवशी सकाळी हा आकडा ०.८७५ होता. सकाळ आणि दुपार यांच्या दरम्यान टीमने ना काही पूर्ण केले होते, ना काही बिघडवले होते. घडले ते एवढेच, की ग्राहकाने मागितलेल्या नव्या रिपोर्टांचे पन्नास पॉइंट, म्हणजे अंदाजाने तेवढ्या आकाराचे काम, कोणीतरी बॅकलॉगमध्ये, म्हणजे करायच्या कामांच्या यादीत टाकले. ज्यांनी ते टाकले, ते टेबलाच्या पलीकडच्या बाजूला शांतपणे बसून होते, आणि मंदावल्याचा जाब आम्हाला विचारला जात होता.

हिशोब इतका सोपा आहे, की तो न करण्याला काही सबब नाही. रिलीज २०० पॉइंटचे, १० स्प्रिंटचे, म्हणजे कामाच्या दहा ठरावीक फेऱ्यांचे, आणि १ कोटी रुपयांचे होते. चार स्प्रिंट संपले तेव्हा योजनेनुसार ४० टक्के, म्हणजे ८० पॉइंट व्हायला हवे होते, आणि झाले ७०. म्हणजे ४० लाखांच्या नियोजित कामापैकी ३५ लाखांचे काम पदरात पडले, म्हणून ०.८७५. आम्ही दहा पॉइंट मागे आहोत हे खरे आहे, आणि त्याबद्दल आम्हाला हवे ते विचारा. पण पन्नास पॉइंट वाढवताना स्प्रिंट दहाच ठेवले आणि बजेटही १ कोटीच ठेवले. आता तेच ७० पॉइंट २५० पैकी झाले, म्हणजे २८ टक्के. नियोजित टक्केवारी मात्र ४० वरच राहिली, आणि एसपीआय ०.७० वर कोसळला. याहून संतापजनक गोष्ट पुढे आहे. १ कोटीचे २८ टक्के म्हणजे २८ लाख होतात. चाचणी होऊन ग्राहकाने स्वीकारलेले, चालू असलेले सात लाखांचे काम एका दुपारी कागदावरून नाहीसे झाले, आणि त्या खोलीत बसलेल्या एकालाही त्यात काही वावगे वाटले नाही.

स्टोरी पॉइंट घेऊन अर्न्ड व्हॅल्यू, म्हणजे झालेल्या कामाचे कमावलेले मूल्य, काढण्याची ही रीत तमारा सुलेमान, ब्रेंट बार्टन आणि थॉमस ब्लॅकबर्न यांनी २००६ साली व्यवस्थित मांडली होती. काम वाढणार हे तिथे गृहीतच धरलेले आहे. प्रत्येक स्प्रिंटच्या शेवटी रिलीजचे एकूण पॉइंट, स्प्रिंटची संख्या आणि बजेट नव्याने पाहायचे आणि मगच भागाकार करायचा. आमच्याकडे तिन्हींपैकी एकच गोष्ट बदलली, तीही ज्यात वरच्यांना काही मोजावे लागत नाही ती. कामाच्या प्रमाणात बाकीच्या दोन्ही वाढवल्या असत्या, तर हिशोबाला साडेबारा स्प्रिंट आणि सव्वा कोटी रुपये आले असते. मग नियोजित ३२ टक्के, झालेले २८ टक्के, आणि एसपीआय पुन्हा ०.८७५. कमावलेले मूल्यही सव्वा कोटीचे २८ टक्के, म्हणजे होते तसे ३५ लाखच राहिले असते.

०.७० हा आकडा खोटा आहे असे माझे म्हणणे नाही. त्याचा अर्थ एवढाच, की २५० पॉइंट दहा स्प्रिंटमध्ये मावणार नाहीत. स्प्रिंटला साडेसतरा पॉइंट या आमच्या वेगाने २०० पॉइंटांना साडेअकराच्या आसपास स्प्रिंट लागले असते, २५० ना चौदाहून अधिक लागतील. ही बातमी तारीख ठरवणाऱ्यांसाठी आहे आणि उत्तरही त्यांनीच द्यायचे आहे. ती टीमच्या प्रगतिपुस्तकावर शेरा म्हणून लिहिणे हा सरळ अन्याय आहे.

या गोंधळावर बैठकीत सुचवलेला उपाय तर त्याहून संतापजनक होता: "पैशांचे सोडून द्या, सगळे पॉइंटमध्येच मोजू." वेळापत्रकापुरते ते चालते, कारण ७० भागिले ८० केले तरी ०.८७५ च येतात. पण डॅशबोर्डवर सीपीआयचाही, म्हणजे कमावलेल्या मूल्याला प्रत्यक्ष खर्चाने भागून येणाऱ्या आकड्याचाही, रकाना आहे आणि रकाना रिकामा ठेवणे आमच्या प्रोजेक्ट ऑफिसला सहन होत नाही. मग "प्रत्यक्ष खर्च" म्हणून हाती घेतलेल्या स्टोऱ्यांचे, म्हणजे कामाच्या छोट्या तुकड्यांचे, पॉइंट तिथे भरले गेले. हाती घेतले ७८, पूर्ण झाले ७०, म्हणून सीपीआय ०.९० आणि खर्च आटोक्यात! पॉइंट म्हणजे काम सुरू होण्याआधी टीमने केलेला आकाराचा अंदाज आहे. खर्च पगाराच्या बिलात असतो, अंदाजात नसतो. त्या ०.९० मधून एवढेच कळते, की घेतलेल्या कामातले किती बंद झाले.

टीम तीच आणि तेवढीच असेल, तर प्रत्येक स्प्रिंटला ठरलेले दहा लाखच जातात, खर्च नेहमी नियोजित मूल्याइतकाच येतो आणि सीपीआय व एसपीआय हे एकच आकडे दोन रंगांत दिसतात. रुपयांची गरज भासते ती टीम बदलते तेव्हा. आमच्याकडे तिसऱ्या स्प्रिंटपासून कंत्राटी टेस्टर आले आणि त्यांचे चार लाख लागले, त्यामुळे खर्च ४४ लाख झाला आणि खरा सीपीआय ३५ भागिले ४४, म्हणजे जेमतेम ०.८० आहे. नेमकी हीच गोष्ट पॉइंटांच्या रकान्याने झाकून टाकली, आणि तिथे हिरवा रंग पाहून सगळे समाधानाने चहाकडे वळले.

आता पुढे काय होणार हेही मला दिसते, कारण मागच्या रिलीजमध्ये ते झाले आहे. लाल आकड्याचा धाक बसला, की अंदाजाच्या बैठकीत पाचाची स्टोरी आठाची होते. कोणी ठरवून लबाडी करत नाही. प्रत्येकाला आपला अंदाज "जरा सांभाळून" द्यावासा वाटतो. मूळ २०० पॉइंटांची बेरीज मात्र कोणी बदलत नाही, त्यामुळे तेवढेच काम करून कमाई वाढत जाते आणि दोन-तीन स्प्रिंटांत एसपीआय हिरवा होतो. हे ओळखायला पॉइंटांशेजारी बंद झालेल्या स्टोऱ्यांची संख्या लिहिणे पुरेसे आहे. पॉइंट चढत असतील आणि स्टोऱ्यांची संख्या तिथल्या तिथेच असेल, तर वेग वाढलेला नाही, मोजपट्टी आखडली आहे. मागच्या वेळी मी ही संख्या तक्त्यात घातली होती आणि "तक्ता गर्दीचा दिसतो" या कारणाने ती काढून टाकण्यात आली. अर्धवट स्टोरीला "नव्वद टक्के झाली" म्हणून नव्वद टक्के पॉइंट देण्याचा आग्रह धरणारेही हेच लोक होते. जी चाचणीतून बाहेर आलेली नाही, तिची कमाई शून्यच, हे त्यांना प्रत्येक स्प्रिंटला नव्याने सांगावे लागते.

माझी मागणी फार मोठी नाही. एसपीआयच्या त्या एकाकी आकड्याऐवजी एका आलेखावर दोन रेषा काढा: रिलीजच्या एकूण पॉइंटांची एक आणि पूर्ण झालेल्या पॉइंटांची दुसरी. खालची रेषा सपाट झाली, तर आम्हाला उभे करा. वरची रेषा २०० वरून २५० वर गेली, की त्या वाढीवर कोणाची सही आहे आणि तिच्यासाठी किती स्प्रिंट व किती रुपये मंजूर झाले, हे त्याच आलेखावर, त्याच जागी लिहिलेले असू द्या.