नई म्हणजे नवीन नई

अमळनेरच्या काकांनी पावणेदोन तासांचा व्हिडिओ आणि त्याचा मशीनने केलेला दीड पानी सारांश, दोन्ही एकदम धाडले. गुलाबी बोंडअळीवरचं भाषण होतं, वक्ते आपल्याच भागातले, बोलणं निम्मं अहिराणी. "भो, नजर फिरव जरा. आठ वाजता ग्रुपवर टाकनं शे." तेव्हा सात वाजून गेले होते. खापरावरचा मांडा काडेपेटीत बसवायचा होता.

सगळं ऐकणं शक्य नव्हतं, म्हणून चुकलं तर पीक बुडेल तेवढंच निवडलं: आकडे, अवतरणातली वाक्यं आणि 'करा-करू नका'. कापूस पांढरं सोनं आहे, हे ते कितव्या मिनिटाला म्हणाले याची मला काळजी नव्हती.

सारांशात मुद्द्यांपुढे व्हिडिओतल्या वेळा होत्या. पहिली वेळ ४१:१० लावली, तर कोणीतरी "चहा आला" म्हणत होतं. दुसरी लावली, तिथे माईकची खरखर. सारांश खोटा ठरवणार, तेवढ्यात थोडं पुढे ऐकलं आणि दोन्ही ठिकाणी हवं ते वाक्य बरोबर एक मिनिट चाळीस सेकंदांनी सापडलं. व्हिडिओच्या सुरुवातीला सत्काराचा तुकडा मागून जोडलेला असावा. सगळ्या वेळा सारख्याच सरकल्या असतील तर दुरुस्ती सोपी. प्रत्येक वेगळी चुकली असती, तर मशीनने त्या मनाने लिहिल्या असं समजून मी सारांशच परत पाठवला असता.

मग कामगंध सापळे. अवतरणात वक्त्याचं वाक्य: "एकरी पाच." अर्धं मिनिट आधीपासून ऐकलं, तर ते प्रेक्षकातल्या माणसाने विचारलेलं होतं, "एकरी पाच लावू का?" वक्ते म्हणाले, "हेक्टरी पाच." शब्द खरे, तोंड दुसऱ्याचं. अवतरण पडताळताना आधीचं न ऐकणारा इथेच फसतो.

खरा कहर पुढे होता. सारांश म्हणतो, "नवीन फरदड घ्यावी." मी खुर्चीवरून उठलो. फरदड म्हणजे हंगाम संपल्यावरही कापूस शेतात उभाच ठेवणं; अळीला मुदतवाढ, तिचं खाणं चालू राहतं! ऐकलं. वक्ते ठणकावून सांगत होते, "फरदड लेवानी नई." मशीनला 'नई' हिंदीतली वाटली. आमच्या अख्ख्या खान्देशाचा नकार त्याने एका फटक्यात होकार करून टाकला. मग सारांशात जिथे जिथे 'नवीन' दिसलं, तिथे तिथे ऐकत बसलो. आणखी दोन सापडले.

एवढ्याने लिहिलेलं तपासलं जातं, गाळलेलं नाही. म्हणून उलटं केलं. व्हिडिओत डोळे मिटून तीन जागी बोट ठेवलं आणि ऐकलेलं सारांशात शोधलं. दोन सापडल्या. तिसऱ्या जागी वक्ते बराच वेळ सांगत होते की कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा ढीग बांधावर ठेवू नका, अळी त्यातच टिकते. सारांशात अवाक्षर नव्हतं.

काकांच्या बांधावर असा ढीग तीन महिने पडून आहे. फोन करून सांगितलं.

काका क्षणभर थांबले. "सारांशमा नई ना ते?"

"नई."

"मग राहू दे."